NaBH₄ आणि LiAlH₄ यांची तुलना: परीक्षेतलं उत्तर पायरीपायरीने

बी.एस्सी.च्या ऑरगॅनिक पेपरात हा प्रश्न या ना त्या रूपात येतोच: सोडियम बोरोहायड्राइड आणि लिथियम ॲल्युमिनियम हायड्राइड यांची कार्बोनिल संयुगांच्या क्षपणातली तुलना करा. बहुतेक वह्यांमध्ये याचं उत्तर दोन रकान्यांच्या तक्त्यात असतं. एकीकडे ‘सौम्य’, दुसरीकडे ‘प्रबळ’, आणि खाली संयुगांची यादी. तक्ता पाठ होतो, पण प्रश्न जरा फिरवून विचारला की उपयोगी पडत नाही. एकाच रेणूत कीटोनही आहे आणि एस्टरही, तर काय होईल, असं विचारलं की पेन अडतं.

म्हणून इथे वेगळी वाट धरली आहे. एकच रेणू घ्यायचा, इथाइल ॲसिटोॲसिटेट, आणि सगळी तुलना त्याच्यावर करून दाखवायची. त्यात कीटोन आणि एस्टर शेजारी शेजारी आहेत, त्यामुळे दोन्ही अभिकर्मकांमधला फरक एका आकृतीत दिसतो आणि परीक्षकाला तो शोधावा लागत नाही.

## १. आधी शब्द जुळवून घ्या

इंदूरच्या मराठी घरांतल्या मुलांची एक खास अडचण असते. समजून घेणं मराठीत होतं, शिकवणी हिंदी-इंग्रजीत होते, आणि पेपर हिंदीत किंवा इंग्रजीत लिहायचा असतो. मराठी पुस्तकातलं क्षपण हिंदी माध्यमात अपचयन होतं आणि क्षपणक तिथे अपचायक म्हणून भेटतो. मराठीतला द्रावक हिंदीत विलायक असतो. हिंदी उत्तरात ‘क्षपण’ लिहिलं, तर तपासणाऱ्याला ते कळेलच असं नाही. घरी मराठी पुस्तक वाचत असाल, तर वहीच्या पहिल्या पानावर या जोड्या लिहून ठेवा आणि उत्तरपत्रिकेत शेवटपर्यंत एकाच भाषेचे शब्द वापरा. सूत्रं मात्र सगळीकडे सारखीच असतात, म्हणून नावापेक्षा सूत्रावर भर द्या.

तयारीला बसताना एवढं जवळ असू द्या:

- मागच्या काही वर्षांचे पेपर, त्यातले क्षपणाचे सगळे प्रश्न खूण करून
- विद्युतऋणतेचा तक्ता (त्यातले तीनच आकडे लागतील)
- पेन्सिल आणि खोडरबर, कारण वक्र बाण पहिल्या फटक्यात नीट येत नाहीत
- कोरे कागद. ही प्रक्रिया वाचून हातात बसत नाही, काढूनच बसते

## २. कारण आधी, यादी नंतर

उत्तराची सुरुवात बंधापासून करा. हायड्रोजनची विद्युतऋणता २.२०, बोरॉनची २.०४ आणि ॲल्युमिनियमची १.६१. बोरॉन आणि हायड्रोजन यांच्यातला फरक जेमतेम ०.१६ आहे, ॲल्युमिनियम आणि हायड्रोजन यांच्यातला ०.५९. म्हणजे Al–H बंधातले इलेक्ट्रॉन हायड्रोजनकडे बरेच जास्त ओढलेले असतात. तो हायड्रोजन हायड्राइड म्हणून चटकन सुटतो आणि कार्बोनिलच्या कार्बनवर जोरात जातो. B–H मधला हायड्रोजन तितका उतावीळ नसतो.

दुसरं कारण बहुतेक उत्तरांत नसतं, आणि तेच उत्तराला उंची देतं. ते म्हणजे सोबतचा धातू. लिथियम आयन लहान आहे, त्यामुळे त्याचा धनभार एकवटलेला असतो. तो कार्बोनिलच्या ऑक्सिजनला धरतो, ऑक्सिजन कार्बनकडून आणखी इलेक्ट्रॉन ओढतो, आणि कार्बन हायड्राइडसाठी जास्त सोपं लक्ष्य होतो. सोडियम आयन हे काम फारसं करत नाही. याचा पुरावाही हाताशी आहे. LiBH₄ मध्ये बोरोहायड्राइड तेच आहे, बदलला आहे फक्त धातू, तरी ते एस्टरचं क्षपण करतं, आणि NaBH₄ त्याच एस्टरपुढे जवळजवळ थांबून राहतं. हे एक वाक्य उत्तरात घाला. ‘प्रबळ’ हा शब्द तुम्ही पाठ केलेला नाही, समजून लिहिला आहे, हे त्यातून दिसतं.

इथेच एक चूक वारंवार होते. BH₄⁻ वर ऋणभार बोरॉनशेजारी काढलेला असतो, म्हणून मुलं वक्र बाण त्या ऋणचिन्हापासून काढतात. बोरॉनवर एकाकी इलेक्ट्रॉन जोडी नाही. बाण B–H बंधाच्या मध्यापासून निघायला हवा आणि त्याचं टोक कार्बोनिलच्या कार्बनवर यायला हवं. दुसरा बाण C=O च्या दुहेरी बंधातून ऑक्सिजनवर. दोन बाण, त्याहून एकही जास्त नाही. LiAlH₄ साठीही हेच. कोणी नुसतं `H⁻` लिहून बाण काढतं. घाईत ते चालतं, पण द्रावणात सुटा हायड्राइड आयन फिरत नसतो, म्हणून बंधापासून काढलेला बाण जास्त बरोबर.

## ३. दोन कार्बोनिल, दोन स्वभाव

आता रेणू मांडा.

```
CH₃–CO–CH₂–COOC₂H₅
```

डावीकडचा कार्बोनिल कीटोनचा, उजवीकडचा एस्टरचा. कीटोनच्या कार्बनच्या दोन्ही बाजूंना कार्बनच आहेत. एस्टरमध्ये मात्र शेजारच्या –OC₂H₅ मधला ऑक्सिजन आपली एकाकी जोडी कार्बोनिलकडे सरकवतो. त्या अनुस्पंदनामुळे एस्टरच्या कार्बनची इलेक्ट्रॉनची भूक बरीच भागलेली असते, म्हणून बाहेरून येणाऱ्या हायड्राइडला तो कमी प्रतिसाद देतो. NaBH₄ ची ताकद कीटोनपुरती पुरते, एस्टरपुढे कमी पडते. LiAlH₄ दोन्हीवर चालतं. तुलनेचा गाभा एवढाच आहे, आणि पुढच्या तीन पायऱ्या तोच उलगडून दाखवतात.

## ४. पहिली प्रक्रिया: NaBH₄

```
CH₃COCH₂COOC₂H₅  --NaBH₄, C₂H₅OH-->  CH₃CH(OH)CH₂COOC₂H₅
```

मिळतं ते इथाइल ३-हायड्रॉक्सिब्युटॅनोएट. कीटोन गेला, एस्टर तसाच राहिला.

बाणावर द्रावक लिहायलाच हवा. NaBH₄ अल्कोहोलमध्ये चालतं, आम्लारिधर्मी पाण्यातही चालतं, कारण B–H बंध पाण्याशी झटकन भांडत नाही. मिथेनॉलमध्ये ते हळूहळू स्वतःच संपत जातं, इथेनॉलमध्ये त्याहून सावकाश. आपल्या रेणूसाठी इथेनॉल लिहिण्याला आणखी एक कारण आहे. प्रक्रियेत तयार होणारे अल्कॉक्साइड एस्टरशीही खेळू शकतात. मिथेनॉल घेतलं तर काही रेणूंत –OC₂H₅ च्या जागी –OCH₃ बसेल आणि मिश्रण हाती येईल. एस्टर इथाइलचा असेल तर द्रावक इथेनॉल, मिथाइलचा असेल तर मिथेनॉल, असं लक्षात ठेवलं की ही अडचण उरत नाही.

प्रमाण विचारलं तर असं मोजा. एका BH₄⁻ मध्ये चार हायड्राइड आहेत आणि एका कीटोनला एकच लागतो.

```
4 R₂C=O + NaBH₄ + 4 H₂O → 4 R₂CHOH + NaB(OH)₄
```

इथाइल ॲसिटोॲसिटेटचा रेणुभार १३० आहे. १३ ग्रॅम म्हणजे ०.१ मोल घेतलं तर हिशोबाने NaBH₄ ०.०२५ मोल पुरेल, म्हणजे सुमारे ०.९५ ग्रॅम. प्रयोगशाळेत याच्या दीडपट-दुप्पट घेतात, कारण थोडं द्रावकाबरोबर वाया जातं. पेपरात हिशोब ०.०२५ मोलचाच लिहा आणि जादा घेण्याचं कारण एका वाक्यात द्या.

C–OH मधला नवा हायड्रोजन कुठून आला, हा प्रश्न तोंडी परीक्षेत हमखास येतो. कार्बनवरचा हायड्रोजन बोरोहायड्राइडचा, ऑक्सिजनवरचा अल्कोहोलचा किंवा पाण्याचा. हे पक्कं झालं की ड्यूटेरियमचे सगळे प्रश्न सुटतात. NaBD₄ आणि CH₃OH दिलं तर D कार्बनवर बसतो आणि ऑक्सिजनवर H. LiAlH₄ आणि त्यानंतर D₂O दिलं तर उलट, कार्बनवर H आणि ऑक्सिजनवर D.

आणखी एक तपशील सुटू देऊ नका. कीटोनचा कार्बन सपाट असतो, हायड्राइड वरून किंवा खालून सारख्याच सहजतेने येतो, म्हणून तिसऱ्या कार्बनवर R आणि S दोन्ही रूपं समसमान बनतात. उत्पादनासमोर (±) एवढी खूण केली तरी पुरते.

## ५. दुसरी प्रक्रिया: LiAlH₄

```
CH₃COCH₂COOC₂H₅
   1. LiAlH₄, निर्जल ईथर
   2. H₃O⁺
→ CH₃CH(OH)CH₂CH₂OH + C₂H₅OH
```

इथे मिळतं ब्युटेन-१,३-डायॉल, आणि सोबत इथेनॉल. हे इथेनॉल विसरणं ही या प्रश्नातली सगळ्यात जास्त आढळणारी चूक. एस्टरच्या क्षपणात नेहमी दोन अल्कोहोल येतात, एक आम्लाच्या बाजूचं आणि एक अल्कॉक्सीच्या बाजूचं.

त्यापेक्षा जास्त गुण जातात ते १ आणि २ हे आकडे न लिहिल्याने. बाणावर `LiAlH₄, H₂O` असं एका ओळीत लिहिलं तर त्याचा अर्थ होतो, दोन्ही एकदम टाकले. तसं केलं तर कार्बोनिलचं क्षपण होण्याआधी हे होईल:

```
LiAlH₄ + 4 H₂O → LiOH + Al(OH)₃ + 4 H₂
```

एक ग्रॅम LiAlH₄ पाण्यात पडलं तर साधारण अडीच लिटर हायड्रोजन निघतो, तोही क्षणात आणि उष्णतेसह. ईथरच्या वाफा शेजारी असताना आग लागायला एवढं पुरे. म्हणूनच द्रावक निर्जल डायइथाइल ईथर किंवा निर्जल टेट्राहायड्रोफ्युरान. मिथेनॉल किंवा इथेनॉल अजिबात नाही, कारण त्यांचा O–H सुद्धा पाण्यासारखाच वागतो. इंदूरच्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत उघडी राहिलेली पूडही हळूहळू निकामी होत जाते.

एस्टर अल्डिहाइडवर का थांबत नाही, हे यंत्रणेतून दाखवा. हायड्राइड एस्टरच्या कार्बनवर येतो, चतुष्फलकी मध्यस्थ बनतो, तो इथॉक्साइड बाहेर टाकतो आणि अल्डिहाइड तयार होतं. अल्डिहाइड एस्टरपेक्षा कितीतरी जास्त क्रियाशील आहे. भोवती LiAlH₄ आहेच, त्यामुळे तयार होताक्षणी त्याच्यावर दुसरा हायड्राइड येतो. म्हणून शेवट प्राथमिक अल्कोहोलवरच होतो. अल्डिहाइडच हवं असेल तर अभिकर्मक बदलावा लागतो; −७८ अंश सेल्सिअसला डायआयसोब्युटाइल ॲल्युमिनियम हायड्राइड एक मोल, हे त्याचं नेहमीचं उत्तर.

प्रमाणाचा हिशोबही इथे बदलतो. कीटोनला एक हायड्राइड, एस्टरला दोन, मिळून तीन. एका LiAlH₄ मध्ये चार, म्हणून एका मोल इथाइल ॲसिटोॲसिटेटला ०.७५ मोल. आपल्या १३ ग्रॅमला ०.०७५ मोल, म्हणजे सुमारे २.८५ ग्रॅम. NaBH₄ चे ०.९५ आणि LiAlH₄ चे २.८५, हे दोन आकडे एकाखाली एक लिहिले की तिपटीचा फरक लगेच दिसतो, आणि तो का आहे तेही: दोघांचा रेणुभार जवळजवळ सारखाच, ३८ च्या आसपास, मग फरक फक्त हायड्राइडच्या संख्येचा.

पुढे जायच्या आधी एक खरी गोष्ट सांगायला हवी. या रेणूत दोन कार्बोनिलांच्या मधला CH₂ आम्लधर्मी आहे. प्रत्यक्ष चंबूत LiAlH₄ थोडं आम्लारीसारखंही वागतं, तिथला एक H काढून हायड्रोजन वायू सोडतं, आणि झालेला एनोलेट क्षपणाला सहज तयार होत नाही. त्यामुळे डायॉलचं उत्पन्न कागदावरच्यापेक्षा कमी येतं. परीक्षेचं उत्तर डायॉलच आहे. ही टीप शेवटी एका ओळीत लिहिता आली तर लिहा, पण तिच्यामुळे मूळ उत्तर बदलू नका.

## ६. तिसरी प्रक्रिया: एस्टर घालवायचा, कीटोन ठेवायचा

चांगला प्रश्नकर्ता इथे येऊन थांबतो. NaBH₄ फक्त कीटोन घेतं, LiAlH₄ दोन्ही घेतं, मग फक्त एस्टरचं क्षपण कसं करायचं? म्हणजे ४-हायड्रॉक्सिब्युटेन-२-ओन कसं मिळवायचं? दोघांपैकी एकही एकट्याने हे करू शकत नाही. कीटोन झाकावा लागतो.

पहिल्या टप्प्यात इथिलीन ग्लायकॉल आणि उत्प्रेरकापुरतं पॅरा-टोल्युइनसल्फॉनिक आम्ल घालून टोल्युइनमध्ये तापवतात आणि तयार होणारं पाणी सतत बाजूला काढत राहतात. पाणी काढलं नाही तर प्रक्रिया उलटी फिरते. कीटोनचा कीटाल बनतो, एस्टर तसाच राहतो.

दुसऱ्या टप्प्यात निर्जल ईथरमध्ये LiAlH₄. कीटाल म्हणजे ईथरसारखीच रचना, त्यात कार्बोनिल नाही, हायड्राइडला तिथे जागा नाही. एस्टर मात्र –CH₂OH होतो. इथे प्रक्रिया थांबवताना आम्ल न घालता पाणी आणि सोडियम हायड्रॉक्साइड वापरावं, म्हणजे कीटाल टिकतो.

तिसऱ्या टप्प्यात विरल HCl ने कीटाल उघडायचा:

```
CH₃–CO–CH₂–CH₂OH
```

विरल हा शब्द लिहायला विसरू नका. तीव्र आम्ल घालून तापवलं तर कार्बोनिलपासून दुसऱ्या कार्बनवरचा OH पाणी होऊन निघून जातो आणि ब्युट-३-ईन-२-ओन बनतं. झाकायचं कशाला, कीटोन आधी NaBH₄ ने अल्कोहोल करून मग एस्टर LiAlH₄ ने घालवू, असं काही मुलं लिहितात. त्यातून पुन्हा डायॉलच मिळतं. कीटोन परत येत नाही.

## ७. फसवणाऱ्या जागा

दुहेरी बंध. सुट्या C=C ला दोघंही हात लावत नाहीत, कारण हायड्राइड इलेक्ट्रॉनने भरलेल्या दुहेरी बंधाकडे जात नाही. हायड्रोजन वायू आणि पॅलेडियम यांच्याशी गल्लत करू नका. अपवाद सिनॅमाल्डिहाइडचा. NaBH₄ ने सिनॅमाइल अल्कोहोल मिळतं, दुहेरी बंध शाबूत राहतो. LiAlH₄ जास्त प्रमाणात आणि उबेत वापरलं तर दुहेरी बंधही जातो आणि ३-फिनाइलप्रोपेन-१-ऑल मिळतं. प्रश्नात तापमान किंवा ‘आधिक्य’ असा शब्द दिसला की तिथेच थांबून विचार करा.

कार्बॉक्सिलिक आम्ल. NaBH₄ आणि आम्ल एकत्र आले की क्षपणाऐवजी आम्ल-आम्लारी प्रक्रिया होते, हायड्रोजनचे बुडबुडे आणि क्षार. LiAlH₄ सुद्धा आधी O–H मधला हायड्रोजन काढतं, पण तिथे न थांबता प्राथमिक अल्कोहोलपर्यंत जातं. म्हणून आम्लाला तीन हायड्राइड लागतात, एस्टरला दोनच.

अमाइड. LiAlH₄ ने अमाइडपासून अल्कोहोल मिळत नाही, अमाईन मिळतं; C=O च्या जागी CH₂ येतो आणि नायट्रोजन तिथेच राहतो. सवयीने –CH₂OH लिहून गेलेली उत्तरं फार असतात.

‘अजिबात नाही’ हे शब्द. NaBH₄ एस्टरचं क्षपण अजिबात करत नाही, हे वाक्य काटेकोरपणे खरं नाही. भरपूर NaBH₄ घेऊन मिथेनॉलमध्ये तापवलं तर काही एस्टर हळूहळू बदलतात. शिवाय आम्ल क्लोराइडचं क्षपण NaBH₄ सहज करतं, म्हणून ‘फक्त अल्डिहाइड आणि कीटोन’ हेही पूर्ण बरोबर नाही. ‘सामान्य परिस्थितीत’ असे दोन शब्द आधी लावले की वाक्य निर्दोष होतं.

## ८. प्रक्रिया थांबवणं: प्रॅक्टिकल आणि तोंडी परीक्षेसाठी

NaBH₄ चं उरलेलं थोडं ॲसिटोन घालून संपवता येतं, किंवा थंड करून थेंबथेंब विरल आम्ल घालून. आम्ल घातल्यावर फेस येतो, तो हायड्रोजनच.

LiAlH₄ साठी प्रमाण ठरलेलं आहे. जितके ग्रॅम LiAlH₄ वापरलं, तितके मिलिलिटर पाणी, मग तितकंच १५ टक्के सोडियम हायड्रॉक्साइडचं द्रावण, मग तिप्पट पाणी. ३ ग्रॅमला ३, ३ आणि ९ मिलिलिटर. चंबू बर्फात ठेवून थेंब थेंब, ढवळत. असं केलं की ॲल्युमिनियमचे क्षार पांढऱ्या दाणेदार अवक्षेपात बसतात आणि सहज गाळता येतात. अंदाजाने भसकन पाणी ओतलं तर आगीचा धोका आहेच, शिवाय ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडची चिकट लापशी होते. ती गाळणकागदावर बसून राहते आणि निम्मं उत्पादन तिच्यात अडकतं. आग लागलीच तर कोरडी वाळू. पाणी किंवा कार्बन डायऑक्साइडचं नळकांडं वापरू नये.

कोणती प्रक्रिया झाली हे ओळखायचं कसं, हेही विचारतात. इथाइल ॲसिटोॲसिटेट फेरिक क्लोराइडबरोबर लालसर-जांभळा रंग देतं आणि २,४-डायनायट्रोफिनाइलहायड्राझीनबरोबर पिवळा-नारिंगी अवक्षेप. कीटोन गेला की दोन्ही चाचण्या बंद होतात. पण एवढ्याने NaBH₄ आणि LiAlH₄ ची उत्पादनं एकमेकांपासून ओळखता येत नाहीत, कारण कीटोन दोन्हीकडे गेलेला असतो. तिथे इन्फ्रारेड वर्णपट कामाला येतो. ३४०० सेंमी⁻¹ च्या आसपास O–H चा रुंद पट्टा दोघांतही दिसेल. १७३५ च्या आसपास एस्टरचा पट्टा उरलेला असेल तर NaBH₄ चं उत्पादन. तो भाग मोकळा असेल तर डायॉल.

## ९. उत्तरपत्रिकेवर मांडणी

पाच गुणांच्या प्रश्नाला दीड पान पुरेसं आहे. पहिल्या चार ओळींत बंधाचं कारण आणि लिथियमचं काम. मग पानाच्या मध्यभागी इथाइल ॲसिटोॲसिटेट काढा आणि त्यातून दोन बाण: डावीकडे NaBH₄, उजवीकडे LiAlH₄, प्रत्येक बाणावर द्रावक. खाली उत्पादनांची नावं. त्यानंतर कीटोनची यंत्रणा दोन बाणांनी आणि एस्टरची तीन टप्प्यांत. तक्ता काढायचाच असेल तर शेवटी आणि चारच ओळींचा: द्रावक, एस्टरवर परिणाम, आम्लावर परिणाम, पाण्याशी वर्तन. वेळ उरला तर कीटालची वाट काढा.

आणि उत्तर बंद करण्याआधी कार्बन मोजा. सुरुवातीला सहा कार्बन होते. NaBH₄ च्या उत्पादनात सहाच असायला हवेत. LiAlH₄ च्या बाजूला डायॉलचे चार आणि इथेनॉलचे दोन. उजवीकडे चारच भरले, तर इथेनॉल लिहायचं राहिलं आहे.